थंडीतलं नाशिकचं रात्रीचं जेवण: हुलग्याचं कढण, बाजरीची भाकरी आणि तिळगुळाची वडी (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

नाशकात नवीन बदलून आलेल्या लोकांना, विशेषतः मुंबई-ठाण्याकडच्यांना, पहिल्या डिसेंबरात एक धक्का बसतोच, कारण स्वेटर म्हणजे कपाटात ठेवायची वस्तू एवढंच त्यांना माहीत असतं आणि इथे संध्याकाळी सहा वाजले की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. निफाडकडे तर विचारूच नका, तिकडे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, थंडीने मणी तडकू नयेत म्हणून. अशा दिवसांत पोळी-भाजी-वरण-भात तेच तेच खाल्लं की रात्री अकराला पुन्हा भूक लागते. आपल्याकडे यासाठी वेगळं जेवण ठरलेलंच आहे, गरम कढण, बाजरीची भाकरी, वर गुळाचं काहीतरी. पण भाकरीचं नाव काढलं की नवीन मुलं-मुली घाबरतात आणि पार्सल मागवतात.

म्हणून चार माणसांच्या एका जेवणाचं सगळं सांगते, आदल्या रात्रीपासून. दोघं मोठी, दोन शाळेतली मुलं असं धरलंय. पदार्थ मुद्दाम असे निवडलेत की एकाच कडधान्यातून दोन कामं होतील. हुलगे शिजवले की त्याच्या पाण्याचं कढण आणि उरलेल्या दाण्यांची उसळ, म्हणजे सूप आणि भाजी दोन्ही एका कुकरात. गोडाची वडी दुपारीच करून ठेवायची. मग संध्याकाळी फक्त भाकरी उरते, आणि भाकरीला तुमचं पूर्ण लक्ष पाहिजे असतं, बाकी काही शेगडीवर असेल तर ती बिघडणारच.

माप सगळं आमटीच्या वाटीने सांगतेय, साधारण 150 मिलीची असते ती. तुमची मोठी असेल तर सगळंच त्याच वाटीने घ्या म्हणजे प्रमाण चुकत नाही.

आधी बाजार

बाजरी. पिठाचं पाकीट आणू नका, हे एकच ऐका माझं. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो आणि दाणा दळला की ते तेल हवेशी येऊन खवट व्हायला लागतं, त्यामुळे गव्हाचं पीठ महिनाभर चालतं तसं हे चालत नाही. आठ-दहा दिवसांत कडवटपणा येतो, आणि दुकानातलं पाकीट कधी दळलंय कोणास ठाऊक. बऱ्याच जणांना बाजरी आवडत नाही ती याच्यामुळेच, त्यांनी ताजी खाल्लेलीच नसते. दाणे आणा, सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव या आपल्या कोरड्या तालुक्यांत बाजरी होते आणि खरिपाची असल्याने थंडीत नवीन धान्य बाजारात असतं. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात जाणं होत असेल तर तिथून घ्या नाहीतर कुठल्याही किराणा दुकानात सुटी मिळते. रंग हिरवट-करडा पाहिजे, दाणा तोंडात टाकून चावला तर गोडसर लागला पाहिजे.

एक किलो बाजरी आणि त्यात मूठभर उडीद घालून गिरणीत द्या. उडदाने पिठाला चिकटपणा येतो, थापताना कडा कमी फाटतात, नवीन हाताला ही मोठी मदत आहे. गिरणीवाल्याला सांगा बारीक दळ, आणि आधी कोणाचा गहू दळला असेल तर आधीचं थोडं पीठ बाजूला काढायला सांगा. घरी आणल्यावर डबा लगेच बंद करायचा नाही. आमच्या सासूबाई गिरणीतून पिशवी आली की आधी हात घालून बघतात, पीठ गरम असलं तर म्हणतात, "अगं, पसरव ते ताटात, वाफ धरली की वास येईल." थंड झालं की मगच डब्यात. आणि दर वेळी भाकरी करायच्या आधी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघायचं, ते नंतर कडू लागलं तर ते पीठ गेलं, पाणी गरम करून किंवा मीठ वाढवून काही होत नाही.

हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ, तेच. दीड वाटी लागतात. लालसर-तपकिरी, चपटे, आणि यात खडे असतात, अगदी हुलग्याच्याच रंगाचे, म्हणून चांगल्या उजेडात ताटात पसरून निवडायचे. हे काम टीव्हीसमोर बसून करू नका.

गूळ पाव किलो. वडीसाठी साधा गूळ घ्या, चिक्कीचा नको, चिक्कीच्या गुळाचा पाक पटकन कडक होतो आणि मुलांचे दात हलतात. फार पिवळाधमक दिसतो तो गूळ बऱ्याचदा केमिकल टाकून उजळलेला असतो, जरा काळपट-तांबूस चालेल. बोटाने दाबला तर थोडा दबला पाहिजे. बाकी पांढरे किंवा पॉलिश न केलेले तीळ पाव किलो, शेंगदाणे शंभर ग्रॅम, आमसुलं, लसूण, तूप, लोणी मिळालं तर उत्तम.

आदल्या रात्री

हुलगे निवडून, दोन-तीन पाण्यातून धुवून भरपूर पाण्यात भिजत घाला. थंडीत भिजायला वेळ लागतो, उन्हाळ्यात सहा तासात होतं ते इथे दहा-बारा तास घेतं. रात्री विसरलात तर सकाळी उठल्याउठल्या कोमट पाण्यात घाला, संध्याकाळपर्यंत होतात. न भिजवता कुकरला लावायचा प्रयोग करू नका, बाहेरून फुटतात आणि आत खडखडीत राहतात.

दुपारी: वडी

तीळ मंद आचेवर भाजायचे. कढईत टाकल्यावर थोड्या वेळाने तडतड सुरू होते, दाणा फुगतो, रंग किंचित बदलतो, बस, उतरवा. तीळ लालचॉकलेटी होईपर्यंत थांबलात तर वडी कडू, आणि कढई उतरवली तरी आतल्या उष्णतेने भाजत राहतात म्हणून लगेच ताटात काढायचे. शेंगदाणे वेगळे भाजून, सालं काढून जाडसर कूट. तीळ निम्मे तसेच ठेवा, निम्मे मिक्सरला एक-दोन वेळा फिरवून घ्या, फार फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो.

आता ताटाला तूप लावून ठेवा, वाटीच्या बुडालाही लावा. हे आधीच. पाक झाल्यावर तूप शोधायला गेलात की संपलं.

गूळ चिरून घ्या, खडे ठेवू नका. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तूप, गूळ आणि एक चमचा पाणी. आच मंद. गूळ विरघळेल, मग बुडबुडे येतील, मग फेस वर येईल आणि रंग थोडा गडद होईल. इथून पाकावर लक्ष. एका वाटीत गार पाणी घेऊन बसायचं आणि पाकाचा थेंब त्यात सोडायचा. थेंब पाण्यात पसरून गेला तर कच्चा आहे. तळाशी गोळा होऊन बसला आणि बोटाने गोळी वळता आली, मऊ, दाबली की चपटी होणारी, तर वडीचा पाक झाला. हीच गोळी ताटलीवर टाकल्यावर टण्‌ वाजली आणि चावल्यावर कट्‌कन तुटली तर तो चिक्कीचा पाक झाला, आपण पुढे गेलो. या दोन्हींत फार तर दोनेक मिनिटांचा फरक असतो त्यामुळे थेंब एकदा बघून समाधान मानू नका, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला बघा.

मऊ गोळी झाली की गॅस बंद, तीळ, कूट, अर्धा चमचा सुंठ पूड, वेलची सगळं घालून भराभर ढवळायचं आणि गरम असतानाच ताटात ओतून तूप लावलेल्या वाटीने थापायचं. सुरीने लगेच रेषा मारून ठेवा, थंड झाल्यावर मारल्या तर तुकडे वेडेवाकडे होतात. अर्ध्या तासाने वड्या सुटतात.

वडी सुटलीच नाही, चिकटच राहिली, तर पाक कच्चा होता, सगळं परत कढईत घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परतून पुन्हा थापा. फारच कडक झाली तर चमचाभर पाणी घालून गरम करा, मऊ होते, पण चव थोडी उतरते. अगदीच काही जमलं नाही तर चुरा करून डब्यात भरा, मुलं दुधावर घालून खातात, कोणाला कळत नाही. आणि घरात शुगरवालं कोणी असेल तर गूळ आहे म्हणून चालेल असं समजू नका, रक्तातली साखर गुळानेही वाढतेच, त्यांना एक छोटी वडी पुरे.

पावणेसात वाजता: कुकर

भिजलेल्या हुलग्यांचं पाणी टाकून द्या, आठ वाट्या नवीन पाणी घाला, चिमूट हळद, चार-पाच थेंब तेल. कुकर पाच लिटरचा पाहिजे, अर्ध्याच्या वर भरू नये, हुलग्याचा फेस शिट्टीत अडकतो. मीठ आणि आंबट आत्ता अजिबात नाही, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडला की दाणे मऊ व्हायला नुसते हट्ट करतात. एक शिट्टी मोठ्या गॅसवर, मग बारीक करून वीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या.

झाकण काढल्यावर एक दाणा दोन बोटांत दाबा, सहज चिरडला पाहिजे. मधे कडक टीच लागत असेल तर अजून दहा मिनिटं लावा.

मोठी चाळण पातेल्यावर ठेवून ओता. खाली जे तांबूस-तपकिरी पाणी येईल ते कढणाचं, वर राहतील ते उसळीचे. शिजलेल्यातले तीन-चार डाव हुलगे बाजूला काढून थोड्या कढणाच्या पाण्याबरोबर मिक्सरला फिरवा आणि परत पाण्यात मिसळा, नाहीतर कढण फारच पाणचट होतं, हॉटेलातल्यासारखं कॉर्नफ्लॉवर लावायची गरज नाही.

पातेलं गॅसवर ठेवा. आमसुलं चार, मीठ, अगदी सुपारीएवढा गुळाचा खडा. उकळी येऊ द्या, मग बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं. दुसरीकडे छोट्या कढल्यात दोन चमचे तूप, जिरं चांगलं तडतडल्यावर ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, लसूण कडेने सोनेरी झाला की हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची तोडून, आणि ही फोडणी कढणावर. मुलं तिखट खात नसतील तर मिरची अख्खीच टाका. लसणावर कंजुषी नको, हुलग्याला स्वतःचा एक मातकट वास असतो, तो लसूण-हिंगानेच बसतो. नुसती साखर किंवा लिंबू घालून तो जात नाही.

आमसुलाऐवजी ताक घालणारेही बरेच आहेत, चव छानच येते, पण नवीन माणसाच्या हातून ते फुटतं. घालायचंच असेल तर गॅस बंद करून, कढण जरा निवल्यावर, चमचाभर डाळीचं पीठ लावलेलं ताक घाला आणि परत उकळू नका.

हुलगा आणि बाजरी दोन्ही आपल्याकडे उष्ण मानतात, म्हणून हे जेवण थंडीतलंच. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी वरून तूप घ्यावं आणि एका वाटीवर थांबावं. घरात कोणाला हुलगा चालतच नसेल तर त्याच पद्धतीने अख्ख्या मुगाचं कढण करा, भिजवलेले असतील तर बारीक गॅसवर सात-आठ मिनिटांतच होतात. शेवग्याच्या शेंगांचं सूपही होतं, शेंगा उकडून गर चमच्याने खरवडून काढायचा, पण त्याला उसळ मिळत नाही, मग भाजी वेगळी करावी लागते.

उसळीला फार वेळ घालवू नका. तेलात मोहरी, कांदा, लसूण, काळा मसाला किंवा घरात असेल ते लाल तिखट, हुलगे, मीठ, पाव वाटी कढणाचं पाणी आणि पाच मिनिटं झाकण. वरून कोथिंबीर. झालं. ती कोरडी-ओलसरच असावी, भाकरीबरोबर कढण आहेच.

आठ वाजता: भाकरी

बाजरीला गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लूटेन नसतं. गव्हाची कणीक ताणली तर ताणली जाते, बाजरीची तुटते. म्हणून लाटणं इथे फार कामाचं नाही आणि म्हणूनच पाणी गरम लागतं, गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच सगळं बांधून ठेवतो. हाताला सराव असणाऱ्या बायका गार पाण्यातही करतात, त्यांचं बघून तुम्ही करू नका. तुम्ही उकड काढा.

एका भाकरीला एक सपाट वाटी पीठ लागतं, म्हणजे 75-80 ग्रॅम. आठ भाकऱ्या करायच्यात, पण एकदम आठचं पीठ भिजवायचं नाही, चार-चारच्या दोन घाण्यात करा. पातेल्यात दोन वाट्या पाणी, चिमूट मीठ, खळखळ उकळलं की गॅस बंद करून चार वाट्या पीठ एकदम टाका, चमच्याच्या दांड्याने गोल फिरवा आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. या वेळात तवा तापत ठेवा. तवा लोखंडी किंवा बिडाचा जाड घ्या, नॉनस्टिकवर भाकरी नीट भाजत नाही आणि पाणी लावणं त्या तव्यालाही बरं नाही.

उकड परातीत काढा. हाताला सोसेल एवढी गरम असतानाच मळायची, गार झाल्यावर मळली तर तडे जातात. ओला हात करून तळहाताच्या मुळाशी जो जाड भाग असतो ना, त्याने पुढे ढकलत मळायची, बोटांनी चिवडत बसायचं नाही. चार-पाच मिनिटं तरी. सुरुवातीला भुगा वाटेल, मग हळूहळू गुळगुळीत होईल. झालंय का ते असं बघायचं, छोटा गोळा करून दोन तळव्यात चपटा दाबायचा, कडेला भेगा पडल्या तर अजून पाणी आणि अजून मळणं हवंय. गोळा परातीला चिकटून पसरत असेल तर पाणी जास्त झालं, मूठभर कोरडं पीठ टाका. पिठावर पाण्याचं प्रमाण बदलतं, जुनी-नवी बाजरी, बारीक-जाड दळण, त्यामुळे दोन वाट्या हे सुरुवातीचं माप आहे, शेवटचं ठरवतो तो हात.

मळलेल्यातला एक गोळा घेऊन बाकी ओल्या फडक्याखाली. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, गोळा दोन्ही बाजूंनी त्यात घोळवून मधे ठेवा. बोटं जुळवून, हात सपाट करून थापायचं, एक हात थापतो, दुसरा कडेने भाकरी फिरवत राहतो. मधे जाड आणि कडा पातळ अशी होते सगळ्यांची पहिल्यांदा, म्हणून मधून बाहेर हात न्यायचा आणि कडेची भेग दिसली की दुसऱ्या हाताच्या बोटाने तिथेच दाबून बंद करायची. सहा-सात इंचांची झाली की पुरे. ज्वारीएवढी मोठी आणि पातळ करायच्या नादी लागू नका, बाजरी जरा जाडसरच चांगली.

अगदीच थापता येत नसेल तर प्लास्टिकच्या दोन कागदांमधे ठेवून ताटलीने दाबा आणि हाताने मोठी करा. कोणी हसलं तर हसू दे. महिन्याभरात हात बसतो.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. हा क्रम लक्षात ठेवा, बरेच जण इथेच चुकतात. परातीला लागलेली, कोरड्या पिठाची बाजू वर येईल अशी उचलून टाकायची, आणि लगेच हात पाण्यात बुडवून ते पाणी वरच्या सगळ्या बाजूला पुसून लावायचं, कडांपर्यंत. पीठ पांढरं दिसत राहिलं तर तिथे पाणी पोचलं नाही, भाजल्यावर ते तसंच पिठूळ लागणार. पाणी सुकत आलं, पण पूर्ण वाळायच्या आधी, उलथण्याने उलटायची. पूर्ण वाळू दिलं तर वरती बारीक भेगा पडतात आणि मग ती फुगत नाही. पाण्याची बाजू आता तव्यावर आहे, ही बाजू नीट भाजू द्या, मध्यम-मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं, चांगले तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला, आणि जी बाजू सगळ्यात आधी तव्यावर थोडीच भाजली होती ती थेट जाळावर. चिमट्याने फिरवत राहा. वाफ आत कोंडते आणि पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

इंडक्शनवाल्यांना जाळ नाही, त्यांनी तव्यावरच उलटून स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबायचं, फुगते, जरा उशीर लागतो एवढंच.

फुगली नाही तरी भाकरी भाकरीच असते, खायला काही हरकत नाही. पण का फुगली नाही ते त्या भाकरीकडे बघूनच कळतं. कुठेतरी तडा असेल तर वाफ तिथून निघून गेली, म्हणजे मळणं कमी पडलं. तडा नाही पण जड, दडस आहे, तर जाड झाली किंवा तवा पुरेसा तापलेला नव्हता. बाहेर करपली आणि आत कच्चट, तर तवा फार तापला होता. तवा बरोबर तापलाय का हे बघायचं तर पाण्याचे चार थेंब शिंपडा, लगेच नाचून उडाले पाहिजेत, पडल्या पडल्या धूर नको आणि नुसते बसून नको.

तीळ लावायचे असतील तर पाणी लावण्याआधी वरच्या बाजूला चिमूटभर पसरून हलकं दाबा, मग पाणी. भोगीला अशीच करतात, सोबत वालपापडी, गाजर, ओले हरभरे, वांगी, बोरं घातलेली मिक्स भाजी. येवल्याकडे त्या दिवसांत सगळी पतंगावर असतात, आणि घरातल्या बाईला गच्चीवरच ताट न्यावं लागतं, ते वेगळंच.

एका भाकरीला सुरुवातीला पाच-सहा मिनिटं जातात, म्हणजे आठ भाकऱ्यांना पाऊण तास. सगळ्या करून डब्यात भरून मग जेवायला बसू असं ठरवाल तर पहिली भाकरी चामड्यासारखी होईल. त्यापेक्षा भाकऱ्या सुरू झाल्या की सगळ्यांना कढण वाढा वाटीत, गरम, वर तुपाची धार. ते पिऊन होईपर्यंत पहिल्या दोन भाकऱ्या ताटात. आणि करणाऱ्याने एकट्याने थापत-भाजत उभं राहू नये, एकाने थापायची, दुसऱ्याने भाजायची. आमच्याकडे भाजायचं काम नवऱ्याचं आहे, त्याला थापता येत नाही पण जाळावर फिरवण्यात तो आता माझ्यापेक्षा हुशार झालाय आणि ते तो दहा वेळा सांगतो. मुलांना पहिली फुगलेली द्या, वरचा पापुद्रा उचलून आत लोणी आणि मीठ. उसळ, लसणाची चटणी किंवा ठेचा, कच्चा कांदा. दोघांना दोन-दोन, मुलांना एकेक, म्हणजे सहा संपतात, बाजरी पोटाला भरपूर होते.

सातवी भाकरी मलिद्याची. गरम असतानाच ताटात हाताने चुरा, दोन मोठे चमचे बारीक चिरलेला गूळ, दोन चमचे तूप, वेलची, आणि बोटांनी चांगलं कुस्करायचं. भाकरीच्या गरमीनेच गूळ अर्धा विरघळतो. गार भाकरीचा करायला गेलात तर गूळ वेगळा आणि चुरा वेगळा असं लागतं, मग तव्यावर तुपात थोडं परतावं लागतं. वडी आवडली नाही अशी तक्रार करणारी मुलंही हा खातात. वडी मग दुसऱ्या दिवशी डब्यात द्या.

नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करून बघायची असेल तर इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडची नागली आपल्या बाजारात येते. पद्धत हीच, उकडीशिवाय नागली अजिबात करू नका, आणि मळणं जरा जास्त. रंग काळपट असतो, भाजली की नाही ते रंगावरून कळत नाही, कडा तव्यापासून सुटल्या की उलटायची.

आठवी भाकरी उरली तर फडक्यात गुंडाळून ठेवा, सकाळी कुस्करून कोमट दुधात नाहीतर ताक-मीठ-कच्च्या कांद्याबरोबर काला. उरलेलं कढण फ्रिजमधे दोन दिवस राहतं, गरम करताना थोडं पाणी घाला कारण ते घट्ट होतं, आणि उसळीत पाणी घालून तीच आमटी म्हणून भातावर चालते.